ब्रँड-खंदक (स्किनकेअर ब्रँडच्या पिच डेकमधील भाग)

गुंतवणूकदारांपुढे ठेवायच्या पिच डेकमध्ये ‘आमची नक्कल करणे अवघड का’ हे ज्या एकदोन स्लाइडवर सांगतात, तो भाग. किल्ल्याभोवतीच्या खंदकाची ही उपमा वॉरन बफे यांनी रूढ केली. स्किनकेअरमध्ये हा खंदक बहुधा चुकीच्या जागी, म्हणजे घटकद्रव्यांभोवती, खणला जातो.

गोव्यातले भिरंडेल घ्या. भिरंडाच्या म्हणजे कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर आलेली चरबी काढून तिचे गोळे वळतात. टाचांच्या भेगांवर ते घरोघरी लावले जाई. ही चरबी साधारण ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून बाम घट्ट राहतो. गोष्ट सुरेख आहे, पण खंदक नव्हे. सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये आणि उत्पादकाचे नाव-पत्ता छापावाच लागतो. माल बाहेरच्या कारखान्यात बनत असेल, तर प्रतिस्पर्धी डबी विकत घेऊन थेट त्याच कारखान्याला फोन करू शकतो. अचूक प्रमाण त्याला कळणार नाही, पण जवळपास पोचायला तेवढे पुरते.

नावाचे संरक्षण खरे, पण नाव निवडण्यावर अवलंबून. प्रसाधने ट्रेडमार्कच्या वर्ग ३ मध्ये येतात. नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. मात्र क्रीमला ‘भिरंडेल’ असेच नाव दिले, तर ते मालाचे वर्णन ठरते. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार, दीर्घ वापराने वेगळी ओळख झाल्याचे दाखवता आले नाही, तर अशा नावाची नोंदणी नाकारली जाते. हौसेने निवडलेले गावरान नाव इथेच दगा देते.

उरते ते गिऱ्हाइकाचे वागणे, आणि स्लाइडचा गाभा तोच असावा. फोंड्यातला एक काल्पनिक ब्रँड धरू. जानेवारीत त्याला ४०० नवी गिऱ्हाइके मिळाली आणि सहा महिन्यांत त्यांतील १२० परत आली. संस्थापिका स्लाइडवर ‘३० टक्के’ लिहिते. पण त्या १२० पैकी ७० जणांनी सवलतीचे कूपन वापरले होते. पूर्ण किमतीला परतले ५०, म्हणजे साडेबारा टक्के. मुरलेला गुंतवणूकदार हाच आकडा मागतो, कारण कूपनवर आलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या कूपनवर जाते.

गोव्यात आणखी एक चाळणी लावावी लागते. पणजीच्या दुकानात पर्यटकाने घेतलेली डबी ही बऱ्याचदा सहलीची आठवण असते. ती गोव्याची विक्री, ब्रँडची नव्हे. तोच माणूस पुण्याला परतल्यावर ब्रँडचे नाव शोधून, पदरचा कुरिअर खर्च भरून मागवतो का, हे पिनकोडवरून दिसते. मात्र त्यासाठी दुकानात पहिल्या खरेदीलाच फोन नंबर टिपलेला हवा. नाहीतर पुण्याहून आलेली तीच ऑर्डर हिशेबात नवे गिऱ्हाईक म्हणून चढते.