अस्तित्व सत्त्वाच्या आधी

अस्तित्ववादी तत्त्वज्ञानातील एक मध्यवर्ती विधान. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानामुळे ते सर्वतोमुखी झाले. हे व्याख्यान १९४६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले.

‘सत्त्व’ म्हणजे एखादी वस्तू जी काही आहे, ती तशी असण्याला कारण होणारे तिचे स्वरूप. सार्त्र कागद कापण्याच्या सुरीचा दाखला देतात. सुरी कशासाठी हवी आणि ती कशी करायची, हे कारागिराला आधीच ठाऊक असते. म्हणजे तिचे सत्त्व आधी ठरते आणि सुरी मागाहून घडते. ईश्वराने माणूस निर्माण केला असे मानले, तर माणसालाही हाच हिशोब लागू होतो. अठराव्या शतकातल्या काही विचारवंतांनी ईश्वराला बाजूला सारले, पण ‘मनुष्यस्वभाव’ नावाचा साचा मात्र तसाच ठेवला. सार्त्र यांचा आक्षेप नेमका इथे आहे. साचा करणाराच नसेल, तर साचा आला कुठून? माणूस आधी जगात येतो आणि मग आपल्या कृतींतून ‘कोण’ होतो.

याचा जबाबदारीशी असलेला संबंध त्याच व्याख्यानातल्या एका प्रसंगातून सर्वांत स्पष्ट दिसतो. युद्धकाळात सार्त्र यांचा एक विद्यार्थी सल्ला मागायला आला. त्याचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता. वडील आईशी भांडत असत आणि शत्रूला साथ देण्याकडे त्यांचा कल होता. आई या मुलाच्याच आधारावर जगत होती. मुलापुढे दोन वाटा होत्या : इंग्लंडला जाऊन जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या मुक्त फ्रेंच सैन्यात दाखल व्हायचे, किंवा आईजवळ राहायचे. आईसाठी केलेल्या गोष्टीचे फळ निश्चित होते, पण ते एकाच व्यक्तीपुरते होते. सैन्याचे काम मोठे, पण तिथे पोहोचण्याआधीच स्पेनच्या एखाद्या छावणीत अडकून पडण्याची शक्यता होती.

सार्त्र एकेक आधार तपासतात. ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ हा ख्रिस्ती उपदेश घ्यावा, तर शेजारी कोण, आई की लढणारे देशबांधव? माणसाला केवळ साधन मानू नये हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा नियम घ्यावा, तर एकाला साध्य मानताना दुसरा साधन होतोच. मनातल्या भावनेवर सोडावे, तर आईवरचे प्रेम इतके खोल आहे हे तिच्याजवळ राहूनच सिद्ध होणार. कृती घडण्याआधी भावनेचे वजन करता येत नाही. सल्ला मागणेही सुटका नव्हे, कारण कोणाकडे जायचे हे ठरवताना कोणता सल्ला ऐकायचा आहे हे बरेचसे ठरलेले असते. म्हणून सार्त्र यांनी त्याला एवढेच सांगितले : तू स्वतंत्र आहेस, निवड कर.

हे उत्तर अनेकांना निष्ठुर वाटते. पण दुसरे कोणतेही उत्तर दिले असते, तर निर्णयाचा भार गुरूने उचलल्याचा आभास झाला असता आणि तो खोटा ठरला असता. भावाचा मृत्यू, वडिलांचे वागणे, युद्ध यांतले काहीच त्या मुलाने निवडलेले नव्हते आणि त्यांचा दोष त्याच्यावर येत नाही. या परिस्थितीला तो काय अर्थ देतो आणि तिच्यात काय करतो, याची जबाबदारी मात्र त्याचीच. ‘माझा स्वभावच असा’ किंवा ‘मला पर्यायच नव्हता’ असे म्हणून ती झटकणे म्हणजे सार्त्र यांच्या भाषेत आत्मवंचना. भित्रा माणूस जन्मतः भित्रा नसतो. भित्रेपणाच्या कृतींनी तो तसा होतो आणि पुढच्या कृतीने बदलूही शकतो.

सार्त्र याही पुढे जातात : स्वतःसाठी निवडताना माणूस सगळ्या मानवजातीसाठी निवडतो, कारण आपण जे निवडतो ते चांगले म्हणूनच निवडतो. युक्तिवादाचा हा दुवा कच्चा आहे. माझ्या परिस्थितीत मला योग्य वाटलेली गोष्ट सर्वांना योग्य ठरते असे त्यातून निघत नाही. शिवाय त्या विद्यार्थ्याचा प्रसंग सामान्य नियम अपुरे पडतात हे दाखवण्यासाठीच तर सांगितला होता.

दुसरी अडचण स्वातंत्र्याच्या व्याप्तीची आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्येच दाखवले की वर्षानुवर्षांच्या सवयी आणि शरीर निवडीला आधीपासून कल देत असतात. त्यामुळे कोणत्याही क्षणी सगळे काही बदलणे सारखेच शक्य नसते. फ्रेंच तत्त्वज्ञ-लेखिका सिमोन द बोव्हार यांनी १९४७ मध्ये आणखी एक भेद केला : ज्यांना दुसरी वाट असू शकते हे कळूच दिले गेले नाही, त्यांच्या अधीनतेला आत्मवंचना म्हणता येत नाही. वाट दिसल्यावरही ती नाकारली, तर मात्र दोष लागतो. पुढे सार्त्र स्वतःही परिस्थितीच्या घडवण्याला जास्त वजन देऊ लागले. माणूस परिस्थितीने घडवला जातो, पण आपल्याला जे घडवले गेले त्याचे तो काहीतरी करतो, आणि जबाबदारी त्या ‘काहीतरी’ची, असे त्यांचे नंतरचे म्हणणे होते.