सजावट पूर्ण झाल्यावर तिचे छायाचित्र कसे काढावे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून सजावटीचे साहित्य घेणारे अनेक ग्राहक काम पूर्ण झाल्यावर आम्हाला छायाचित्रे पाठवतात. ती पाहताना एक गोष्ट सारखी जाणवते. सजावट मनापासून केलेली असते, तिच्यावर तासन्‌तास खर्च झालेले असतात. पण छायाचित्रात पडदा मळकट दिसतो, दिव्यांच्या माळेचे पांढरे ठिपके होतात आणि कोपऱ्यातली खुर्ची सगळ्यांत आधी नजरेत भरते. दूरच्या नातेवाइकांना ती सजावट फक्त छायाचित्रातूनच दिसणार असते, म्हणून या शेवटच्या अर्ध्या तासाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. येथे सांगितलेले सर्व काही साध्या मोबाईल फोनने करता येते.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रकाशाचा आहे. दिव्यांच्या माळा लावलेल्या सजावटीत एक अडचण असते. त्या माळा स्वतः छायाचित्राचा विषयही असतात आणि खोलीतला प्रकाशही त्यांच्याकडूनच येत असतो. आपला डोळा झगमगता दिवा आणि त्यामागचे अंधारे कापड, दोन्ही एकाच वेळी पाहू शकतो. कॅमेऱ्याला तेवढे साधत नाही. कापड दिसावे म्हणून तो छायाचित्र उजळ करतो तेव्हा दिवे फुटतात, म्हणजे त्यांचा रंग जाऊन नुसते पांढरे डाग उरतात. दिवे नीट यावेत म्हणून छायाचित्र गडद केले, तर बाकीची सजावट काळोखात बुडते. यावर खरा उपाय म्हणजे दिवे आणि त्यांच्या आसपासची जागा यांच्या उजेडातला फरक कमी करणे, आणि हे काम संध्याकाळचा उजेड फुकट करून देतो.

आमच्या कार्यशाळेत आम्ही हे एका नमुन्यावर करून पाहिले. एका कोपऱ्यात आठ फूट रुंदीचे साईच्या रंगाचे कापड, त्यावर लाल कागदी फुलांची कमान, कापडामागे पिवळसर प्रकाशाची माळ आणि दोन्ही बाजूंना एकेक पितळी फुलदाणी अशी मांडणी होती. उजव्या बाजूला खिडकी होती आणि त्या दिवशी सूर्यास्त 6 वाजून 40 मिनिटांनी होता. साडेसहाला काढलेल्या छायाचित्रात फुले उत्तम आली, पण माळ पेटलेली आहे की नाही हेच कळेना. सव्वासातला खिडकीबाहेर काळोख झाला होता. तेव्हा माळेभोवती पांढरे ढग दिसू लागले आणि कापडाच्या चुण्या नाहीशा झाल्या. मधल्या वेळेत, साधारण सातला पाच मिनिटे असताना, खिडकीतून येणारा निळसर उजेड आणि माळेचा पिवळसर उजेड जवळजवळ समसमान झाला. त्या एका छायाचित्रात दिव्याचा प्रत्येक मणी वेगळा दिसत होता, कापडाची घडी दिसत होती आणि कमानीच्या उजव्या कडेला निळसर छटा येऊन तिला खोली आली होती. ही वेळ फार तर पंधरा-वीस मिनिटे टिकते आणि ऋतू, ढग, खिडकीची दिशा यांप्रमाणे पुढेमागे होते. म्हणून नेमका क्षण ओळखण्याच्या फंदात न पडता सूर्यास्तापासून दर पाच मिनिटांनी त्याच जागेवरून एक छायाचित्र काढत राहावे आणि निवड नंतर करावी.

या वेळी खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. ट्यूबलाइटचा पांढराफटक प्रकाश, माळेचा पिवळा आणि खिडकीचा निळसर असे तीन रंग एकत्र आले की फोनला नेमके पांढरे कोणते हे ठरवता येत नाही आणि साईच्या रंगाचे कापड कुठे हिरवट, तर कुठे करडे दिसू लागते. वरून पडणाऱ्या प्रकाशामुळे फुलांच्या खाली कठीण सावल्याही पडतात. खिडकी सजावटीच्या बाजूला असावी. ती मागे असेल तर सजावट काळी पडते. समोर खिडकी असल्यास सावल्या जवळजवळ नाहीशा होऊन सगळे सपाट दिसते, तरी ते चालण्याजोगे असते. खिडकी नसलेल्या बाजूला अंधार फार वाटत असेल, तर छायाचित्राच्या चौकटीबाहेर पांढरी चादर किंवा मोठा पांढरा पुठ्ठा उभा धरावा. त्यावरून परतलेला उजेड मऊ असतो आणि सावलीतली फुले उघडी पडतात.

फ्लॅश वापरू नये. फोनचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे त्याचा उजेड समोरून सरळ जाऊन आदळतो. चमकी कागद आणि पितळ पांढरे पडतात, माळेचा प्रकाश त्यापुढे फिका होतो आणि फुलांची सावली मागच्या कापडावर ठसठशीत उमटते. शिवाय अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौपटीने कमी होतो. म्हणून पुढची फुलदाणी भडक आणि मागची कमान अंधारी, असे चित्र येते.

माळ उघडझाप करणारी असेल, तर तिच्या बटणाने ती स्थिर प्रकाशावर आणावी. कमी उजेडात फोन रात्रीच्या छायाचित्रणाची सोय आपोआप सुरू करतो आणि काही सेकंद प्रकाश गोळा करत राहतो. तेवढ्या वेळात माळ मिटली तर काही दिवे अर्धवट येतात. त्या काही सेकंदांत फोनही हलता कामा नये. तो पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने चित्र हलत नाही. आणि हे सर्व करण्याआधी लेन्स स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडाने पुसावी. बोटाचा तेलकट ठसा उन्हात लक्षात येत नाही, पण दिव्यांच्या छायाचित्रात प्रत्येक दिव्यातून लांब रेघ निघताना दिसते. अशा रेघा दिसल्या तर दोष माळेचा नसतो, लेन्सचा असतो.

उजेड जमला की फोनला काय महत्त्वाचे आहे ते सांगावे लागते. पडद्यावर सजावटीतल्या उजळ, पण दिवा नसलेल्या भागावर बोट काही क्षण दाबून धरावे. बहुतेक फोनवर त्या जागेची स्पष्टता आणि उजेड पक्के होतात, आयफोनवर त्या वेळी AE/AF LOCK अशी अक्षरे उमटतात. त्यानंतर शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह किंवा पट्टी हळूहळू सरकवून छायाचित्र थोडे गडद करावे. किती गडद करावे, याची खूण आमच्या नमुन्यातल्या लाल फुलांनी दिली. फोनने स्वतः ठरवलेल्या उजेडात प्रत्येक फूल म्हणजे लाल रंगाचा एकसंध गोळा दिसत होता, कारण भडक लाल रंगात कॅमेऱ्याची क्षमता इतर रंगांआधी संपते. उजेड कमी करत गेल्यावर एका टप्प्यावर पाकळ्यांच्या कडा दिसू लागल्या आणि कागदाची मुरड उमटली, तिथेच थांबलो. थोडे गडद आलेले छायाचित्र नंतर उजळ करता येते, पण फुटलेल्या भागातला तपशील कोणत्याही उपायाने परत येत नाही.

आता कोन. बहुतेक जण डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून तो खाली झुकवतात, नाहीतर जवळ उभे राहून वर उचलतात. दोन्ही वेळा कमानीचे उभे खांब तिरके होतात. खालून काढल्यास ते वरच्या टोकाला जवळ येतात आणि कमान मागे कलल्यासारखी वाटते. फोन भिंतीला समांतर, सरळ उभा धरावा आणि सजावटीच्या मध्याच्या उंचीवर आणावा. सात फुटांच्या कमानीसाठी ही उंची साडेतीन फूट येते, म्हणजे एक गुडघा टेकून बसावे लागते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून चौकटीच्या रेघा सुरू केल्या, तर खांब सरळ आहे की नाही हे तिथल्या तिथे पाहता येते.

सजावट चौकटीत मावत नसेल तर जवळ उभे राहून अतिरुंद लेन्स वापरण्याचा मोह होतो. ती लेन्स कडेच्या वस्तू ताणते, त्यामुळे गोल फुलदाणी लंबगोल दिसते. त्याऐवजी दहा-बारा फूट मागे सरकावे आणि जागा असल्यास दुप्पट झूम करावे. जागाच नसेल, तर दारातून काढावे. दाराची चौकट कडेला आली तरी चालते. समोरून पूर्ण छायाचित्र झाल्यावर एक तिरक्या बाजूने आणि एक अगदी जवळून घ्यावे, कारण कापड आणि कमान यांच्यात ठेवलेले अंतर समोरून अजिबात कळत नाही. पितळी भांड्यात छायाचित्र काढणाऱ्याचे प्रतिबिंब दिसते, तेव्हा एक फूट बाजूला सरकावे आणि गडद रंगाचे कपडे घालावेत.

अडगळीबाबत आमचा अनुभव असा आहे, की ती प्रत्यक्ष उभे राहून दिसत नाही. रोजच्या सवयीने डोळा ती गाळून टाकतो. म्हणून आधी एक कच्चे छायाचित्र काढून ते मोठे करावे आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून चारही कडा फिरून पाहाव्यात, सजावटीकडे शेवटी पाहावे. आमच्या नमुन्यात एका कडेला अर्धा कापला गेलेला पंखा, खाली चिकटपट्टीचे रीळ, कमानीमागून लोंबणारी काळी वायर आणि फुलदाणीत उमटलेले खिडकीतल्या कपड्यांचे प्रतिबिंब सापडले. वस्तू अर्धी चौकटीत येत असेल, तर ती पूर्ण आत घ्यावी किंवा पूर्ण बाहेर काढावी. वायर कापडाच्या चुणीतून खाली उतरवून त्याच रंगाच्या चिकटपट्टीने बसवता येते. मात्र अडॅप्टर आणि प्लग कापडाने झाकू नयेत. ते तापतात आणि झाकल्यावर त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. ते दिसू नयेत असे वाटत असेल तर फोनच सहा इंच बाजूला न्यावा. स्विचबोर्डही लपवत बसू नये. भिंतीवरची ती वस्तू कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. पाठवण्याआधी मात्र कोपऱ्यात पत्ता लिहिलेला पार्सलचा खोका, औषधांची पाकिटे किंवा बँकेचे कागद आलेले नाहीत ना, हे जरूर पाहावे.

शेवटी पाठवण्याविषयी. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले की त्याचा आकार कमी केला जातो. आमच्या नमुन्यातली कागदाची मुरड त्यातच हरवली. पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणाऱ्या HD या खुणेवर बोट ठेवल्यास तपशील बराच टिकतो आणि छायाचित्र दस्तऐवज म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मूळ फाइलमध्ये छायाचित्र कोठे काढले याची नोंदही असू शकते, म्हणून मोठ्या गटात दस्तऐवज पाठवायचा असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली स्थाननोंद छायाचित्र काढण्याआधीच बंद करावी. आणि वीस छायाचित्रांऐवजी तीनच पाठवावीत : एक पूर्ण, एक तिरके, एक जवळून. छोट्या पडद्यावर जवळचे छायाचित्रच सर्वांत जास्त वेळ पाहिले जाते, त्यामुळे जिथे स्वतःच्या हाताचे काम सर्वांत जास्त आहे, तोच भाग त्यासाठी निवडावा.