फोटोवरून छाटणीचे अवजार ओळखताना : सिकेटर, लॉपर, कुंपणाची कात्री आणि करवत

आमच्या दुकानात मोबाइलवरचा फोटो दाखवून "हीच कात्री द्या" असे सांगणारे ग्राहक रोज येतात, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना हवी असते एक वस्तू, तर फोटोत असते दुसरीच. यात त्यांची चूक नसते. सिकेटर आणि लॉपर यांची तोंडे सारखीच दिसतात; पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेल्या फोटोत शेजारी दुसरे काहीच नसल्यामुळे समोरची वस्तू वीतभर आहे की दोन हात लांब, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून फोटोत अवजाराचा आकार शोधू नये, प्रमाण पाहावे. पाते किती आणि दांडा किती, हे गुणोत्तर फोटो लहान केला काय किंवा मोठा केला काय, बदलत नाही.

हे मोजण्यासाठी फोटोत संपूर्ण अवजार दिसले पाहिजे. दोन पाती जिथे एकत्र येतात त्या बोल्टपासून पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर कागदाच्या पट्टीवर खुणेने घ्यावे आणि तेच अंतर पूर्ण लांबीत किती वेळा बसते ते पाहावे. चार वेळा किंवा त्याच्या आसपास बसले, तर तो सिकेटर आहे. आठ-नऊ वेळा बसले, तर तो लॉपर आहे. जेमतेम अडीच वेळाच बसले आणि पाती सरळ व लांबलचक असली, तर ती कुंपणाची कात्री आहे. केवळ तोंडाचा जवळून काढलेला फोटो दाखवून लॉपर म्हणून विकले जात असेल, तर दांड्यासह दुसरा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सिकेटर एका हाताने चालवायचा असतो, त्याची लांबी साधारण 20 ते 22 सेंटीमीटर असते, आणि मूठ सैल सोडताच तोंड आपोआप उघडावे म्हणून दोन दांड्यांच्या मध्ये स्प्रिंग व बंद ठेवण्यासाठी खटका असतो. फोटोत स्प्रिंग दिसली की बहुतेक निर्णय झालाच. मात्र इथे दोन वस्तू फसवतात. पत्रा कापायच्या कात्रीलाही स्प्रिंग आणि खटका असतो, पण तिची दोन्ही पाती आखूड, जाड आणि एकसारखी असतात. सिकेटरचे एक पाते रुंद, बाकदार व धारेचे असते आणि दुसरे आकड्यासारखे, फांदी धरून ठेवणारे असते. दुसरी वस्तू म्हणजे द्राक्षमण्यांच्या विरळणीची कात्री. तिची पाती निमुळती व सरळ असतात आणि ती मण्यांच्या कोवळ्या देठांपुरतीच आहे, ऑक्टोबर छाटणीच्या काडीवर ती चालवली की टोके वाकतात.

ओल्या, जिवंत फांदीसाठी सिकेटरची मर्यादा आम्ही 2 सेंटीमीटर धरतो, आणि वाळलेल्या फांदीसाठी त्याहून बरीच कमी, सुमारे सव्वा सेंटीमीटर, कारण वाळलेले लाकूड ओल्यापेक्षा कठीण असते. दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटर रुंद असते; ते फांदीच्या कापलेल्या तोंडावर ठेवल्यावर लाकूड नाण्याच्या कडेला टेकत असेल, तर ती फांदी सिकेटरची नाही. मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे एका ग्राहकाने परत आणलेल्या सिकेटरमध्ये स्पष्ट दिसत होते. आंब्याची साडेतीन सेंटीमीटरची फांदी त्यांनी मनगट पिळून, दांडे डावी-उजवीकडे हलवून तोडली होती. बोल्ट किंचित वाकला होता आणि दोन पात्यांमध्ये फट पडली होती, त्यामुळे पातळ कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडून अडकत होता. असा सिकेटर फांदी कापत नाही, चेंगरतो. कापाच्या कडेला सालीचे दोरे लोंबताना दिसले, की हेच झाले आहे असे समजावे.

लॉपरला बहुधा स्प्रिंग नसते, कारण तो दोन हातांनी उघडतात. दांडे 45 ते 80 सेंटीमीटर लांब असतात आणि ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून बोल्टच्या खाली रबराचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. फोटोतली ही खूण सहज निसटते, पण ती खात्रीची आहे. साध्या लॉपरने साडेतीन, फार तर चार सेंटीमीटरपर्यंतची ओली फांदी कापावी. बोल्टशेजारी दात्यांचे चाक किंवा जादा जोड दिसत असेल, तर तो जोर वाढवणारा प्रकार आहे आणि तो सुमारे पाच सेंटीमीटरपर्यंत जातो.

कुंपणाची कात्री म्हणजे शिंप्याच्या कात्रीचे मोठे रूप. दोन्ही पाती धारेची, 20-25 सेंटीमीटर लांब, आणि एकही आकडा नाही. ती कोवळ्या शेंड्यांसाठी, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक काडीसाठी आहे. काही कात्र्यांत बोल्टजवळ एक खाच असते. तिच्यात जाड काडी धरता येते, पण एक सेंटीमीटरपुढे जाऊ नये.

करवत ओळखायला सोपी, मात्र योग्य करवत निवडणे तितके सोपे नाही. छाटणीच्या करवतीचे पाते बहुधा बाकदार असते आणि तिचे दात मुठीकडे झुकलेले असतात, कारण ती ओढताना कापते. झाडावर हात लांबवून काम करताना ढकलण्यापेक्षा ओढणे सोयीचे पडते. सुताराच्या नेहमीच्या करवतीचे दात टोकाकडे झुकतात. फोटो मोठा करून दातांची दिशा पाहिली की फरक लगेच कळतो. पाते फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट असावे, नाहीतर ओढायला जागाच उरत नाही आणि भुसा कापातच अडकतो. म्हणजे 18 सेंटीमीटर पात्याची घडीची करवत आठ-नऊ सेंटीमीटरच्या फांदीपर्यंतच न्यावी.

गेल्या पावसाळ्याआधी एका ग्राहकाने एकच अवजार मागितले, तेव्हा आम्ही त्यांना फांद्यांभोवती दोरा गुंडाळून माप आणायला सांगितले. दोऱ्याच्या लांबीला 3.14 ने भागले की जाडी मिळते. मेंदीच्या कुंपणाचे शेंडे बारीक होते, ते कात्रीचे काम होते. जास्वंदीचा दोरा 5 सेंटीमीटर भरला, म्हणजे जाडी 1.6, तिथे सिकेटर पुरेसा होता. पेरूचा 11 भरला, म्हणजे साडेतीन; तिथे लॉपर. आंब्याचा 22 भरला, म्हणजे सात सेंटीमीटर. तिथे करवतीशिवाय पर्याय नव्हता. त्यांच्याकडे कुंपणाची कात्री आणि सिकेटर आधीच होते, आणि पेरूच्या त्या दोनच फांद्या करवतीनेही निघण्यासारख्या होत्या, म्हणून आम्ही त्यांना लॉपर न देता फक्त घडीची करवत दिली. आंब्याची फांदी कापताना खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव जाडीइतका काप घ्यावा, मग थोडे बाहेर सरकून वरून कापावे, आणि उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढावा, असेही सांगितले. सरळ वरून कापल्यास फांदी आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते.

आमच्याकडे फोटो पाठवताना अवजाराच्या फोटोबरोबर फांदीचाही फोटो, तिच्याशेजारी दहाचे नाणे धरून काढावा, आणि फांदी ओली की वाळलेली तेवढे सोबत लिहावे.