आर-सी डिस्चार्ज संच : आलेख शून्याला टेकत नाही, तरी क्षेत्रफळ मर्यादित का असते?

आमचा आर-सी डिस्चार्ज संच वापरणाऱ्या महाविद्यालयांकडून आम्हाला प्रामुख्याने दोनच तक्रारी येतात. पहिली तक्रार अशी की, कितीही वेळ थांबले तरी विद्युतधारा शून्यावर येत नाही. दुसरी अशी की, पडद्यावरचा एकूण प्रभाराचा आकडा थांबत नाही, सावकाश का होईना वाढतच राहतो. ‘धारा कधी शून्य होत नाही, म्हणजे आकडा वाढतच राहणार’ असे म्हणून अनेकजण या दोन गोष्टी एकमेकींना जोडतात आणि संच खोक्यात भरून आमच्याकडे परत पाठवतात. वास्तविक पहिली गोष्ट हा दोष नव्हेच, कपॅसिटर तसाच रिकामा होतो. दुसरी गोष्ट मात्र घडायला नको, आणि तिचे कारण बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडते. त्यासाठीच हे माहितीपत्रक प्रत्येक संचाबरोबर देत आहोत.

संचात १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे, आणि कपॅसिटर १० व्होल्टपर्यंत भारित करायचा आहे. कळ दाबताक्षणी धारा १०० मायक्रोअँपिअर असते. कालस्थिरांक, म्हणजे आर आणि सी यांचा गुणाकार, बरोबर १०० सेकंद येतो. हे आकडे आम्ही मुद्दाम असे निवडले आहेत की, वेळेला १०० ने आणि धारेलाही १०० ने भागले की वर्गात फळ्यावर काढला जाणारा e^(-x) हाच वक्र हाती यावा. त्याचे संकलन असे लिहितात :

```
∫[0→b] e^(-x) dx = 1 - e^(-b)
∫[0→∞] e^(-x) dx = lim(b→∞) (1 - e^(-b)) = 1
```

दुसऱ्या ओळीला इम्प्रॉपर इंटिग्रल म्हणतात. तिच्यात अनंत ही संख्या म्हणून कुठेही ‘घातलेली’ नाही, हे ध्यानात घ्यावे. आधी b या ठरावीक ठिकाणापर्यंतचे क्षेत्रफळ काढले आहे आणि मग b वाढत गेला तर ते कोणत्या संख्येच्या जवळ जाते ते पाहिले आहे. इथे विद्यार्थ्यांची एक चूक नेहमी दिसते. खालच्या सीमेला x = 0 ठेवला की ‘शून्य टाकले म्हणजे शून्य आले’ असे गृहीत धरून ते e^0 ला शून्य करून टाकतात आणि उत्तर 0 लिहितात. सगळा वक्र अक्षाच्या वर असताना क्षेत्रफळ शून्य येईलच कसे, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी ही चूक पकडता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेपटी अनंत लांब असताना तिच्याखालचे क्षेत्रफळ मर्यादित कसे? हे समजण्यासाठी संकलनाचे सूत्रही लागत नाही, संचावरची स्टॉपवॉच पुरेशी आहे. या संचात दर ६९.३ सेकंदांनी धारा निम्मी होते. त्यामुळे आलेखावर ६९.३ सेकंद रुंदीच्या उभ्या पट्ट्या आखल्या, तर दुसरी पट्टी म्हणजे पहिलीच पट्टी, फक्त प्रत्येक ठिकाणी निम्म्या उंचीची. तिसरी दुसरीच्या निम्मी, चौथी तिसरीच्या निम्मी. पहिल्या पट्टीत ५००० मायक्रोकूलोम प्रभार जातो, दुसरीत २५००, तिसरीत १२५०, आणि असेच पुढे. एकूण पट्ट्या अगणित आहेत, पण प्रत्येक पट्टी १०,००० पर्यंतच्या उरलेल्या अंतरापैकी निम्मेच अंतर कापते, त्यामुळे बेरीज १०,००० च्या पलीकडे जाऊ शकत नाही. भौतिकदृष्ट्याही हे स्वाभाविक आहे. कपॅसिटरमध्ये मुळात साठवलेला प्रभार सी गुणिले व्ही, म्हणजे १०,००० मायक्रोकूलोम एवढाच होता, मग तो कितीही रेंगाळत बाहेर पडला तरी जास्त कुठून येणार?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘उंची शून्याकडे जाते, म्हणून क्षेत्रफळ मर्यादित’ हे विधान अपुरे आहे. 1/x या वक्राची उंचीही शून्याकडेच जाते, परंतु त्याच्याखाली १ ते २, २ ते ४, ४ ते ८ अशा पट्ट्या पाडल्या तर प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ तेवढेच, सुमारे ०.६९३, भरते, आणि बेरीज कोणत्याही संख्येच्या पुढे नेता येते. घातांकी वक्राचे वेगळेपण हे की, समान रुंदीच्या लागोपाठच्या पट्ट्यांमधले गुणोत्तर कायम एकच राहते आणि ते एकाहून लहान असते. शंभर सेकंदांच्या पट्ट्या घेतल्यास ते ०.३६८ येते. पुढची सगळी तपासणी या एकाच आकड्यावर उभी आहे.

ज्या चुकीमुळे तुमचा आणि आमचा सर्वाधिक वेळ जातो, ती म्हणजे मोजमाप सुरू करण्यापूर्वी मीटरची शून्यत्रुटी न नोंदवणे. गेल्या वर्षी एका महाविद्यालयाने प्रयोग लावून संच रात्रभर, दहा तास, चालू ठेवला. सकाळी पडद्यावर १७,२०० मायक्रोकूलोम दिसले. साठवलेल्या प्रभाराच्या पावणेदोनपट प्रभार बाहेर आला असा त्याचा अर्थ झाला असता, त्यामुळे संच सदोष ठरवून परत आला. आम्ही तो उघडला, तेव्हा कळ बंद असतानाही मीटर ०.२ मायक्रोअँपिअर दाखवत होता. दहा तास म्हणजे ३६,००० सेकंद, त्याला ०.२ ने गुणले की ७२०० होतात. राहिलेले १०,००० म्हणजे तंतोतंत सी गुणिले व्ही. संच निर्दोष होता. घातांकी शेपटीच्या खाली ०.२ उंचीचा एक सपाट, न संपणारा आयत सरकवला गेला होता, आणि अशा आयताचे क्षेत्रफळ मात्र खरोखरच अमर्याद असते.

वापरातून मीटरला एवढी शून्यत्रुटी येऊ शकते, तापमानानेही ती बदलते, आणि या किमतीच्या मीटरमध्ये ती कायमची नाहीशी करणे आम्हाला शक्य नाही. म्हणूनच संचावर ‘शून्य नोंद’ ही वेगळी कळ दिलेली आहे. काहींना ती शोभेची वाटते. ती दाबून दहा सेकंद थांबावे, दिसणारा आकडा वहीत लिहावा, आणि मगच डिस्चार्ज सुरू करावा.

शून्य नोंद घ्यायची राहिली आहे की नाही, हे नंतरही ओळखता येते. शंभर-शंभर सेकंदांच्या पट्ट्यांचे प्रभार एकाखाली एक लिहा. त्रुटी नसेल, तर ४०० ते ५०० सेकंदांच्या पट्टीत ११५.८, पुढच्या पट्टीत ४२.६, त्यापुढे १५.७ आणि ५.८ असे आकडे येतात, म्हणजे प्रत्येक आकडा आधीच्याच्या ०.३६८ पट. वरील महाविद्यालयाच्या नोंदीत हेच आकडे १३५.८, ६२.६, ३५.७, २५.८ असे होते. गुणोत्तर ०.४६ वरून ०.५७, मग ०.७२ असे १ कडे सरकत जाते आणि आकडे २० च्या आसपास येऊन अडकतात. ते २० म्हणजेच ०.२ गुणिले १००. पट्ट्या लहान होण्याचे थांबले की वक्र संपला आणि मीटर बोलू लागला, असे समजावे.

यावर उपाय रात्रभर थांबण्याचा नाही, लवकर थांबण्याचा आहे. पाच कालस्थिरांक, म्हणजे ५०० सेकंद झाले की नोंद बंद करावी आणि उरलेली शेपटी हिशेबाने जोडावी. b च्या पुढचे क्षेत्रफळ e^(-b) येते, म्हणजे त्या क्षणाच्या उंचीइतकेच. त्यामुळे संचाच्या भाषेत उरलेला प्रभार त्या क्षणीची धारा गुणिले १०० सेकंद एवढा असतो. त्याच महाविद्यालयाच्या नोंदीवर हे करून पाहू. ५०० सेकंदांना एकूण प्रभार १०,०३२.६ आणि धारा ०.८७४ दिसत होती. शून्यत्रुटीचे ०.२ गुणिले ५००, म्हणजे १००, एकूण प्रभारातून वजा केले की ९,९३२.६ राहतात. धारेतून ०.२ वजा केले की ०.६७४ राहते, तिला १०० ने गुणल्यावर शेपटीचा प्रभार ६७.४ मिळतो. दोन्हींची बेरीज १०,०००. साडेआठ मिनिटांत प्रयोग पूर्ण होतो आणि एका प्रात्यक्षिकाच्या तासात चार तुकड्या सहज बसतात.

या हिशेबाच्या दोन मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक आहे आणि त्याच्या छापील मूल्यात वीस टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो. त्यामुळे तुमच्या संचाचे उत्तर ८,००० ते १२,००० यांमध्ये कुठेही आले तरी तो दोष नव्हे. अशा वेळी कालस्थिरांकही त्याच प्रमाणात बदलतो. धारा निम्मी व्हायला लागलेल्या वेळेला ०.६९३ ने भागून तो आधी काढावा, शेपटीच्या गुणाकारात १०० ऐवजी तो वापरावा, आणि पट्ट्याही तेवढ्याच रुंदीच्या घ्याव्यात. दुसरे असे की, या प्रकारच्या कपॅसिटरमध्ये थोडा प्रभार विद्युतरोधकाच्या थरात मुरलेला असतो आणि तो मागाहून सावकाश बाहेर येतो. ती धारा घातांकी नियमाने नव्हे, काही काळ साधारण 1/t प्रमाणे घटते, त्यामुळे शून्यत्रुटी वजा केल्यावरही शेपटी किंचित जाड दिसू शकते. कपॅसिटरची टोके क्षणभर जोडून मोकळी केल्यावर व्होल्टमीटर पुन्हा हळूहळू वर चढताना दिसतो, तो याच मुरलेल्या प्रभारामुळे. एकूण प्रभार तरीही मर्यादितच असतो, कारण 1/t ची ही घट कायम टिकत नाही.

ज्यांना पदव्युत्तर वर्गासाठी शेपटीचा अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी आम्ही पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरचा संच बनवतो. त्यात १०० मायक्रोफॅरड आणि १ मेगाओहम असल्याने कालस्थिरांक तोच १०० सेकंद राहतो, धारा मात्र १० मायक्रोअँपिअरपासून सुरू होते, आणि मुरलेल्या प्रभाराचा उपद्रव फारच कमी होतो. तो महाग आहे, कारण एवढ्या मूल्याचा फिल्म कपॅसिटरच महाग येतो. अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या प्रात्यक्षिकांसाठी आम्ही तो सुचवत नाही, साधा संच पुरेसा होतो.

संच दुरुस्तीसाठी पाठवण्यापूर्वी शून्य नोंदीचा आकडा आणि ४०० सेकंदांपासून पुढच्या चार पट्ट्यांचे प्रभार कागदावर लिहून खोक्यात ठेवावेत. गुणोत्तर १ कडे सरकत असेल, तर संच पाठवू नये, कारण येण्या-जाण्याचे भाडे तुमच्याच खात्यावर पडते. गुणोत्तर पट्टीगणिक वर-खाली उड्या मारत असेल, तर रेझिस्टरचा जोड सैल झालेला असतो. तो आम्ही वॉरंटीच्या काळात विनामूल्य बदलून देतो.