'तिएनेस' की 'तेनेस'? एका स्पॅनिश मेसेजवरून देश ओळखताना

"मोबाईल आहे ना जवळ? बस पकड आणि ये." एवढाच मेसेज. माद्रिदची मैत्रीण लिहील, "तिएनेस एल मोविल? कोहे एल आउतोबुस इ वेन." ब्वेनोस आइरेसची लिहील, "तेनेस एल सेलुलार? तोमाते एल कोलेक्तिवो इ वेनी." मोबाईल वेगळा, बस वेगळी, आणि माद्रिदमधलं ते साधं 'कोहे' अर्जेंटिनात चक्क अश्लील, म्हणून तिथे 'तोमाते'.

पण शब्द बदलतात ते लगेच कळतं, खरी मजा 'तिएनेस' आणि 'तेनेस'मध्ये आहे, दोन्हींचा अर्थ एकच, 'तुझ्याकडे आहे'. बरेच जण समजतात की 'तेनेस' म्हणजे बिघडलेलं, गावंढळ स्पॅनिश. अजिबात नाही!

आपण एकट्या माणसाला मान द्यायला 'तुम्ही' म्हणतो ना, तसं जुन्या स्पॅनिशमध्ये एकाला 'वोस' म्हणायचे, मुळात ते अनेकवचन. पुढे तो मान इतका सैल झाला की खऱ्या आदरासाठी 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', असं म्हणायला लागले, त्याचंच झिजून 'उस्तेद' झालं. मग जवळच्यांसाठी 'तू' आणि 'वोस' दोन्ही उरले. स्पेनने 'वोस' टाकलं, व्हाइसरॉयच्या दरबारामुळे स्पेनशी जास्त संबंध असलेल्या मेक्सिको सिटी आणि लिमानेही टाकलं, पण अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात ते टिकलं.

'वोस'चं क्रियापद होतं 'तेनेदेस'. त्यातला 'द' गळला आणि 'तेनेस' राहिलं, जोर शेवटी. स्पॅनिशमध्ये अशा क्रियापदांतला 'ए' जोर पडला तरच फुटून 'इए' होतो. 'तू'च्या रूपात जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून 'तिएनेस', आणि 'वोस'च्या रूपात जोर पुढे सरकलेला, म्हणून 'ए' तसाच. 'वेनी' पण तसंच, जुन्या 'वेनीद'चा 'द' गळून झालेलं. म्हणजे चूक कुठेच नाही, नियम काटेकोर पाळलाय. तरी शाळांमधून हे रूप वर्षानुवर्षं चुकीचं म्हणून शिकवलं गेलं, अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने त्याला अधिकृत मान्यता दिली ती थेट 1982 मध्ये. आणि 'सगळीकडे चालणारं न्यूट्रल स्पॅनिश शिका' अशा जाहिराती दिसल्या की मला राग येतो, कारण मेसेज लिहिताना 'तिएनेस' की 'तेनेस' हे कुणाला तरी ठरवावंच लागतं, मधलं काही नसतं.

आता यावरून देश ओळखता येतो का? नुसत्या 'तेनेस'वरून नाही, ते निकाराग्वा, कोस्टा रिका किंवा कोलंबियातल्या मेदेयीनचंही असू शकतं. सोबत 'कोलेक्तिवो' आलं की मग अर्जेंटिनाकडे बोट जातं, कारण शेजारच्या उरुग्वेत बसला सहसा 'ओम्निबुस' म्हणतात. अजून एक अडचण, फोनवर घाईत लोक अक्षरावरची जोर दाखवणारी तिरकी रेघ टाकत नाहीत. 'तेनेस'ला फरक पडत नाही, 'इए' नाहीये हेच पुरे. पण 'तोमास' (घेतोस) रेघेविना लिहिलं तर 'तू'चं आणि 'वोस'चं रूप अक्षरशः सारखंच दिसतं. तेव्हा मेसेजमध्ये 'पुएदेस' की 'पोदेस' (शकतोस) असलं एखादं क्रियापद शोधायचं, त्यात स्वर फुटलाय की नाही ते रेघ नसली तरी दिसतं.