शक्ती मोटारीची, बिल ऊर्जेचं

‘दिवसभर ऊस तोडला, आता अंगात शक्ती उरली नाही.’ ‘सगळी शक्ती लावून गाडी ढकलली.’ ‘मोटारीची शक्ती एक एचपी.’ आमच्या बेळगाव-खानापूर भागात ही तिन्ही वाक्यं रोज कानावर पडतात. पण भौतिकशास्त्रात पहिल्या वाक्यातली शक्ती म्हणजे ऊर्जा, दुसऱ्यातली म्हणजे बल. पुस्तकातली शक्ती फक्त तिसऱ्या वाक्यात आहे, म्हणजे काम किती झटपट होतं ते. नववीतली मुलं इथेच अडखळतात आणि त्यात मला त्यांची चूक वाटत नाही. शब्दच एक आहे.

शेजारच्या काकूंना अर्ध्या एचपीची मोटार बदलायची होती. ‘एकची घेऊ नका, बिल डबल येतंय,’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही हिशेबच मांडला. विहिरीतलं पाणी मोटारीच्या ५ मीटर खाली, टाकी १० मीटर वर. म्हणजे १००० लिटर पाणी १५ मीटर चढवायचं. त्यासाठीचं कार्य १००० × ९.८ × १५, म्हणजे १,४७,००० ज्यूल. मोटार कुठलीही असो, हा आकडा बदलत नाही.

बदलतो तो वेळ. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे सेकंदाला ७४६ ज्यूल. पाटीवरचा एचपी मोटारीच्या दांड्यावर मिळणारा असतो आणि त्यातला निम्माच पाण्यापर्यंत पोचतो असं धरलं, तर टाकी भरायला अर्ध्या एचपीला साधारण १३ मिनिटं लागतात, एकच्याला साडेसहा. विजेतली एकतृतीयांश ऊर्जाच पाण्याला मिळते असं धरलं, तर मीटरवर ४,४१,००० ज्यूल चढतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून टाकीमागे ०.१२ युनिट. दोन्ही मोटारींना तेवढंच.

युनिट म्हणजे किलोवॅट-तास. त्याला ‘ताशी किलोवॅट’ म्हणू नका. इथे शक्तीला वेळाने गुणलेलं आहे, भागलेलं नाही. हेस्कॉमच्या बिलावर दोन्ही गोष्टी असतात. मंजूर भार किलोवॅटमध्ये, ती शक्ती. वापर युनिटमध्ये, ती ऊर्जा. भारावर स्थिर आकार लागतो, म्हणून मोठ्या मोटारीमुळे भार वाढवून घ्यावा लागला तर तेवढा भाग वाढेल. म्हणजे काकूंना मिळालेला सल्ला अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण तो बिलाच्या दुसऱ्याच ओळीबद्दल होता.

एक गोष्ट मात्र पाहायला हवी. पाइप तोच बारीक ठेवून मोठी मोटार लावली, तर पाणी जोरात जातं, पाइपातलं घर्षण वाढतं आणि त्याच टाकीला जास्त युनिट जातात. ते ओळखायचं असेल तर घरातलं बाकी सगळं बंद ठेवून टाकी भरायच्या आधी आणि नंतर मीटर वाचा. दहा टाक्यांची बेरीज १.२ युनिटच्या बरीच पुढे गेली, तर आधी पाइप बघा.