'द रीझन इज बिकॉज': व्याकरणाची चूक की पुनरुक्ती?

तपासायला आलेलं इंग्रजी वाक्य असं आहे: 'द रीझन द ट्रेन वॉज लेट इज बिकॉज द सिग्नल फेल्ड.' अर्थ साधा आहे, सिग्नल बिघडल्यामुळे गाडीला उशीर झाला. तरी अनेक शिक्षक यातला 'बिकॉज' खोडून तिथे 'दॅट' लिहितात. त्यामागे दोन आक्षेप असतात आणि ते सहसा एकमेकांत मिसळले जातात.

पहिला आक्षेप व्याकरणाचा. 'रीझन' हे नाम आहे, म्हणून 'इज'नंतर पूरक म्हणून नाम किंवा नामवाक्यच यायला हवं. 'बिकॉज'ने तर क्रियाविशेषण वाक्य सुरू होतं, असं सांगितलं जातं. हा नियम खरोखर चालतो का, हे पाहायला कर्ता बदलून बघावा. 'धिस इज बिकॉज द सिग्नल फेल्ड' या वाक्याला कडक संपादकही हरकत घेत नाही. म्हणजे 'इज'पुढे 'बिकॉज' येणं इंग्रजीला मुळातच वर्ज्य नाही. शिवाय 'रीझन' कर्ता असतानाही चांगले लेखक ही रचना सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनच्या काळापासून वापरत आले आहेत आणि मेरियम-वेबस्टर कोशाचे संपादकही ती प्रमाण मानतात. माझ्या मते हा आक्षेप टिकत नाही.

दुसरा आक्षेप पुनरुक्तीचा, आणि त्यात तथ्य आहे. 'रीझन' काढून बघा: 'द ट्रेन वॉज लेट बिकॉज द सिग्नल फेल्ड.' अर्थ जराही कमी झाला नाही आणि शब्द वाचले. कारण सांगतोय हे मूळ वाक्यात दोनदा आलं होतं. पण पुनरुक्ती हा शैलीचा दोष आहे, तिच्यामुळे वाक्य व्याकरणात चुकत नाही. बोलताना तर तिचा उपयोगही होतो. 'रीझन' आणि 'इज' यांच्यामध्ये लांबलचक मजकूर आला, तर 'बिकॉज' ऐकताच आता कारण येतंय हे ऐकणाऱ्याला पुन्हा कळतं.

म्हणून शेरा 'चूक' असा देऊ नये. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात मात्र 'दॅट' वापरावा, किंवा 'रीझन'च गाळावा. या रचनेवर नाक मुरडणारे वाचक बरेच आहेत आणि त्यांचं लक्ष मजकुरावरून उडतं.

ही दुरुस्ती डोळे मिटून करू नये. वाक्य '... इज बिकॉज ऑफ अ सिग्नल फेल्युअर' असं असेल, तर 'बिकॉज ऑफ'च्या जागी 'दॅट' घालताच ते मोडतं, कारण 'दॅट'ला पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लागतं, इथे नुसतं नाम आहे. अशा वेळी 'बिकॉज ऑफ' काढून टाकायचं आणि नाम थेट 'इज'ला जोडायचं: 'द रीझन द ट्रेन वॉज लेट इज अ सिग्नल फेल्युअर.'